सगळे नळ बंद, तरी खालच्यांच्या छताला ओल: मीटरचा काटा बघून बाथरूमची गळती कशी ओळखायची

पावसाळा संपला की आमच्या सोसायटीत एक फोन ठरलेला असतो. यंदा तो मला आला. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, परत तुमच्या बाथरूमखाली ओल धरलीय. मागच्या वर्षी रंग दिला तो फुगून आलाय."

मागच्या वर्षी आम्ही टाइल्सच्या सांध्यांत नवं ग्राउट भरून घेतलं होतं. त्याआधीच्या वर्षी शॉवरखालचा सांधा. दोन्ही वेळा महिनाभर बरं वाटलं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. या वेळी आलेल्या प्लंबरने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला, "साहेब, कन्सील्ड लाइन गेलीय. भिंत फोडायला लागेल." कुठली लाइन, गार पाण्याची की गरम, हे विचारलं तर म्हणाला, "ते फोडल्यावर दिसेल."

फोडल्यावर दिसेल हे मला पटलं नाही. डक्टमध्ये आमच्या बाथरूमच्या लाइनवर मीटर आहे आणि त्या मीटरला हे न फोडता सांगता येतं. पण मीटरला प्रश्न नीट विचारावा लागतो. मी पहिल्यांदा चुकीचा विचारला आणि चुकीचं उत्तर घेऊन दोन दिवस निर्धास्त बसलो. ती चूक पुढे सांगतोच.

आधी बघा, तुमचं मीटर टाकीच्या आधी आहे की नंतर

"सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतंय का बघा" हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो खरा आहे, पण जिथे चोवीस तास दाबाने पाणी येतं आणि घरातले नळ थेट त्याच लाइनला जोडलेले असतात तिथला. कराडजवळच्या मलकापुरात मीटरने चोवीस तास पाणी येतं, तिथे ज्यांनी मध्ये टाकी ठेवलेली नाही त्यांनी खुशाल तसंच करावं. आपल्याकडे बहुतेक गावांत मात्र पाणी ठरावीक वेळ येतं. ते महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या मीटरमधून आधी टाकीत पडतं, आणि बाथरूमला पाणी मिळतं ते टाकीतून. म्हणजे बाथरूममध्ये दिवसभर गळती चालू असली तरी बाहेरच्या मीटरला त्याचा पत्ता नसतो. संध्याकाळी पाणी आल्यावर टाकी भरते तेव्हा ते मीटर फिरतं, आणि त्यात तुमच्या आंघोळी, कपडे, भांडी आणि गळती असं सगळं एकत्र मोजलं जातं.

अशा बाहेरच्या मीटरवरून फक्त मीटर ते टाकी एवढ्या तुकड्याची परीक्षा होते. पाणी आलेलं आहे, टाकी काठोकाठ भरली आहे, बॉल कॉक बंद झाला आहे, आणि तरी मीटर फिरतंय, तर एकतर बॉल कॉक पाणी सोडतोय आणि ते ओव्हरफ्लोमधून जातंय, किंवा जमिनीखालची लाइन फुटली आहे. बाथरूमचा त्यात काही संबंध नाही.

मग बंगल्यात किंवा रो हाऊसमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? टाकीलाच मीटर करायचं. रात्री पाणी येत नसताना (किंवा टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करून) टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर आतून खडूने रेघ मारायची आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आधी किती उतरलं ते पट्टीने मोजायचं. टाकीचा आतला व्यास ९० सेंटिमीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे सव्वासहा लिटरच्या थोडं वर. दुसऱ्या रात्री टाकीतून खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करून तेच करा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळतेय (किंवा तो व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही), घराला दोष देऊ नका.

पुढचं सगळं आहे ते ज्यांचं मीटर गच्चीवरच्या टाकीच्या नंतर बसलंय त्यांच्यासाठी. आमच्याकडे टँकरच्या खर्चाची वाटणी भांडणाशिवाय व्हावी म्हणून सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवून घेतली. फ्लॅटमध्ये पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही, प्रत्येक डक्टमधून वेगळी लाइन आत येते, म्हणून आमच्या फ्लॅटला तीन मीटर आहेत: स्वयंपाकघराचं एक आणि दोन बाथरूमची दोन. बिल देताना याचा वैताग येतो, पण गळती शोधताना हे वरदान आहे. कुठलं मीटर कुठल्या बाथरूमचं हे एकदा बादली भरून खात्री करून घ्या आणि मीटरवर मार्करने लिहून ठेवा. बिल्डरने चिकटवलेल्या पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या जागी होत्या.

डबी उघडल्यावर काय वाचायचं

अर्धा इंची साधं मीटर असेल तर मध्ये काळ्या आकड्यांची पट्टी दिसते. ते घनमीटर, म्हणजे हजार लिटरचे गठ्ठे. बिल त्यावर निघतं, गळती शोधायला त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला हवे आहेत ते त्याभोवतीचे लाल काट्यांचे चार बारीक गोल. त्यांच्याजवळ ×०.१, ×०.०१, ×०.००१, ×०.०००१ असं छापलेलं असतं. पहिल्या गोलात एका घराची किंमत १०० लिटर, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात एक लिटर आणि चौथ्यात एक दशांश लिटर, म्हणजे साधारण अर्धा पेला. चौथ्या गोलातला काटा एक पूर्ण फेरी मारतो तेव्हा एक लिटर पाणी गेलेलं असतं. आपली सगळी भिस्त या काट्यावर.

याशिवाय तबकडीवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी फिरकी असते. तिच्यावर आकडे नसतात. ती पाण्याच्या अगदी बारीक हालचालीलाही फिरते, काट्याच्या कितीतरी आधी. डोळ्याला पहिली खूण तीच देते.

काटे वाचताना घड्याळासारखंच वाचायचं: काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर मागचा आकडा घ्यायचा. गडबड होते ती ९ आणि ०च्या वेशीवर. तिसरा काटा नेमका ५ वर टेकलेला दिसतो, मग तो ४ धरायचा की ५? अशा वेळी चौथ्या काट्याकडे बघायचं. चौथा ० ओलांडून पुढे गेला असेल तर तिसरा ५, आणि चौथा अजून ८-९ वर असेल तर तिसरा ४. डक्टमध्ये वाकून, टॉर्च दातात धरून हे हिशेब करू नका. मोबाइलने सरळ वरून फोटो काढा आणि आत येऊन निवांत मोठा करून वाचा. फोटोवर वेळही आपोआप राहते.

सुरुवातीलाच मीटर जिवंत आहे का हे बघून घ्या. २० लिटरची बादली त्या बाथरूममध्ये भरा आणि आधीच्या व नंतरच्या फोटोत दुसऱ्या काट्याने दोन घरं ओलांडली का बघा. मी हे केलं. आमचं मीटर वीसला साडेएकोणीस दाखवत होतं, म्हणजे चालण्यासारखं. काही डक्टमध्ये जागा नाही म्हणून मीटर तिरपं किंवा उभ्या पाइपवर लटकवलेलं असतं. आडवं बसवायचं मीटर असं बसवलं की कमी प्रवाहात ते आळशी होतं आणि बारीक गळती गिळून टाकतं.

माझी चूक

त्या शनिवारी दुपारी मी बाथरूमचे सगळे नळ बंद केले, जेट स्प्रे हुकला लावला, गीझर बंद केला आणि डक्टमध्ये डोकं घालून पाच मिनिटं काट्याकडे बघत बसलो. काटा ढिम्म. चांदणीही शांत. मी काकूंना जाऊन सांगितलं, "आमच्या लाइनला काही नाही, मीटरचा काटा जागचा हलत नाही." काकू काही बोलल्या नाहीत, फक्त छताकडे बघितलं.

दोन दिवसांनी सहज रात्रभराची परीक्षा घेतली. झोपायच्या आधी घरात सगळ्यांना बजावलं की रात्री दुसरं बाथरूम वापरायचं, आणि तरी कुणी अर्धवट झोपेत जाईल म्हणून दाराला ओढणी बांधून ठेवली. रात्री ११ वाजून १० मिनिटांनी फोटो: काळे आकडे ४१२, लाल काटे ३, ६, ८, ५. म्हणजे ४१२.३६८५. सकाळी ५ वाजून १० मिनिटांनी दुसरा फोटो: ४१२.३९७३. वजाबाकी ०.०२८८ घनमीटर, म्हणजे सहा तासांत जवळजवळ २९ लिटर. तासाला पावणेपाच लिटरच्या वर, दिवसाला ११५. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं नियोजनात धरतात. म्हणजे आमच्या घरात जवळजवळ एक माणूस जास्तीचा राहत होता आणि तो आम्हाला दिसत नव्हता.

मग शनिवारी पाच मिनिटं काटा का हलला नव्हता? हे समजून घ्यायला मी स्टूल घेऊन डक्टच्या खिडकीशी अर्धा तास बसलो. बारा मिनिटं काही नाही. मग एकदम चांदणी भिरभिरली, चौथ्या काट्याने एक पूर्ण फेरी मारली, वर दोन घरं गेला आणि थांबला. सव्वा लिटरला थोडं कमी. पुन्हा शांतता. पंधरा मिनिटांनी परत तसंच.

ही चाल फ्लश टँकची. टँकच्या तळाचा रबरी सील झिजला की पाणी अगदी बारीक, आवाज न करता कमोडमध्ये उतरत राहतं. टँकमधली पातळी बोटभर खाली आली की फ्लोट सुटतो, व्हॉल्व्ह उघडतो, टँक पुन्हा भरतो आणि बंद होतो. मीटरमधून पाणी जातं ते फक्त त्या भरण्याच्या अर्ध्या मिनिटात. पाच मिनिटं बघून जो निकाल देईल तो बहुतेक वेळा चुकणारच. रात्रभराची वजाबाकी आणि निदान अर्धा तास प्रत्यक्ष पाहणं, दोन्ही करा. पहिल्यातून किती पाणी जातंय ते कळतं, दुसऱ्यातून ते कसं जातंय ते.

खात्रीसाठी टँकचं झाकण काढून पाण्यात कपड्यांना घालायची नीळ चमचाभर टाकली आणि फ्लश न करता थांबलो. वीस मिनिटांत कमोडच्या आतल्या बाजूने निळी रेघ उतरलेली दिसली. टँकखालचा अँगल कॉक बंद केल्यावर काटा पूर्ण थांबला.

काट्याची चाल ओळखा

थांबून थांबून, झटक्याने हलणारा काटा म्हणजे जिथे फ्लोट आहे अशी वस्तू. बाथरूममध्ये ती फ्लश टँकच. त्या लाइनवर बाल्कनीतलं वॉशिंग मशीन किंवा पाण्याचा फिल्टर जोडलेला असेल तर परीक्षेआधी त्यांचे कॉक बंद करून टाका, नाहीतर मध्यरात्री फिल्टरने आपली टाकी भरली की तुम्ही गळती शोधत बसाल.

एकसारखा, न थांबता सरकणारा काटा म्हणजे कायम उघडं असलेलं भोक. गळका नळ, जेट स्प्रेचा मागचा सांधा, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा भिंतीतली लाइन. पहिल्या तीन गोष्टी कोरड्या कपड्याने पुसून, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून डोळ्यांनी बघता येतात. त्या कोरड्या असतील तर राहते भिंत.

माझ्या मेव्हण्याकडे नाशिकला असंच झालं होतं. चौथ्या काट्याची फेरी दर तीन मिनिटांना, घड्याळ लावल्यासारखी. म्हणजे तासाला २० लिटर. त्याने फ्लशचा अँगल कॉक बंद केला, फेरी तेवढीच. गीझरला जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद केला आणि काटा जागच्या जागी थांबला. उघडला, पुन्हा चालू. तीनदा करून बघितलं. गीझर स्वतः कोरडा होता, सेफ्टी व्हॉल्व्हखाली ठेवलेला कागदही कोरडा. म्हणजे गीझरमधून बाहेर निघून मिक्सरपर्यंत जाणारी गरम पाण्याची लाइन. मग अर्धा तास गीझर चालू ठेवला, गरम नळ मात्र उघडला नाही, आणि भिंतीवरून तळवा फिरवत गेला. मिक्सरच्या मागे एक टाइल बाकीच्यांपेक्षा कोमट लागली. तीच एक टाइल काढली आणि आतला एल्बो चिरलेला निघाला. भिंत सगळी फोडायची गरजच पडली नाही. (गीझरचा कॉक बंद असताना मात्र गीझर चुकूनही चालू करू नका. तो कॉक उघडा असतानाच ही कोमट टाइलची परीक्षा करायची.)

तिसरी चाल फसवी आहे: काटा एक-दोन घरं पुढे जातो, तेवढाच मागे येतो, असा थरथरत राहतो. ही गळती नाही. इमारतीत पंप चालू-बंद होतो, वरच्या-खालच्या मजल्यावर नळ उघडतो, तसा लाइनमधला दाब हलतो आणि काटा त्याच्याबरोबर डोलतो. अर्ध्या तासानंतर काटा निघाला होता तिथेच असेल तर तो विषय सोडून द्या. गीझर तापत असताना पाणी फुगून मागे ढकललं जातं, तेव्हाही काटा थोडा उलटा जातो, म्हणून परीक्षेच्या वेळी गीझर थंड हवा. आणि टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असेल तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते. हवाही मीटर फिरवते, आणि पाण्यापेक्षा जोरात. तसं झालं असेल तर नळ उघडून हवा जाऊ द्या आणि परीक्षा दुसऱ्या रात्री घ्या.

ज्यांच्याकडे मोबाइलवर आकडे दाखवणारी मीटर आहेत त्यांना हे स्टूलपुराण करायला नको. रात्री दोन ते चार या वेळातला वापर शून्य आहे का एवढंच बघा. फक्त ॲप तासातासाचे आकडे देतं की दिवसाचा एकच, हे आधी तपासा. दिवसाच्या एकाच आकड्यात शंभर लिटर सहज लपतात.

मीटर शांत, तरी छत ओलं

फ्लशचा सील बदलला. काही रुपयांचं रबर, दहा मिनिटांचं काम. त्या रात्री ४१२.९०१६, सकाळी ४१२.९०१६. मी खूश. आठवडा गेला, काकूंच्या छताची ओल होती तेवढीच.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. फ्लशमधून गळणारं पाणी कमोडमधून सरळ मलपाइपात जातं. ते कुणाच्या छतात जात नाही. मीटरने एक खरी गळती शोधून दिली होती, पण काकूंची तक्रार त्या गळतीबद्दल नव्हतीच. एका घरात दोन दोष असू शकतात, आणि पहिला सापडला की आपण दुसरा शोधायचं थांबतो.

आता शांत मीटरचा अर्थ काय लावायचा? मीटर फक्त दाबाखालच्या पाइपांबद्दल बोलतं, म्हणजे नळापर्यंत येणाऱ्या पाण्याबद्दल. नळातून बाहेर पडलेलं पाणी एकदा मोजून झालं की ते नहाणी ट्रॅपमधून गेलं की ट्रॅपच्या बाजूने स्लॅबमध्ये उतरलं, याची मीटरला खबर नसते.

त्यातही एक पळवाट आहे, तीही बंद करून घ्यावी. अर्धा इंची, क्लास बी म्हणून लिहिलेल्या साध्या मीटरची अचूकतेची हमी तासाला ३० लिटरपासून वर सुरू होते. त्याखाली ते कमी दाखवत जातं आणि अगदी थेंबथेंब पाझर असेल तर आतली चक्री हलतच नाही. आमच्या फ्लशची गळती तासाला पाच लिटरचीच होती, पण ती टँकमध्ये साचून झटक्याने मीटरमधून गेली म्हणून दिसली. तेवढीच गळती भिंतीतल्या पाइपाला असती तर मीटरने कदाचित शून्यच दाखवलं असतं. (अल्ट्रासॉनिक मीटर यात बरंच पुढे आहे, फार कमी प्रवाहही पकडतं.)

म्हणून शून्य आल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. रात्री मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद केला, गीझर बंद, सगळे नळ बंद. सकाळी बेसिनचा गार पाण्याचा नळ हळूच उघडला आणि कान लावला. पाइप पक्का असेल तर अडकलेला दाब सुटून एक छोटी चिळकांडी येते. रात्रभर कुठेतरी पाणी झिरपलं असेल तर चिळकांडी येत नाही, उलट नळ आत हवा ओढतो, 'सूंss' असा आवाज येतो. आमच्याकडे चिळकांडी आली. ही परीक्षा व्हॉल्व्ह घट्ट बंद होत असेल तरच खरी. जुने पितळी व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी सोडतात, आणि मग चिळकांडीला काही अर्थ राहत नाही. व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवल्यावर धार पूर्ण थांबते का, हे आधी बघावं. याहून पक्कं उत्तर हवं असेल तर प्लंबरकडे गेज लावलेला हातपंप असतो. लाइनमध्ये दाब भरून काटा उतरतो का बघतात. नवीन बाथरूम करताना टाइल्स लावायच्या आधी करतात तीच चाचणी.

दोन्ही परीक्षांत लाइन निर्दोष सुटली, म्हणजे उरलं वापरलेलं पाणी. बाथरूम दोन दिवस बंद ठेवून ओल थांबते का बघू, असं प्लंबर सुचवतात, पण त्यातून काही कळत नाही. बाथरूमखालचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो कोबा स्पंजसारखा भिजलेला असतो आणि वरून पाणी थांबलं तरी कित्येक दिवस खाली थेंब सोडत राहतो. म्हणून छतावरची ओल बघून आज काय चाललंय ते ठरवता येत नाही.

मी नहाणीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ओला कपडा घट्ट कोंबला, उंबऱ्याच्या खाली राहील एवढं पाणी फरशीवर साचवलं आणि पातळीशी भिंतीवर पेन्सिलने खूण केली. चोवीस तासांत पाणी केसभर उतरलं असेल, तेवढं तर वाफेनेच जातं. फरशी पक्की. मग बोळा काढला आणि अर्ध्या तासात चार बादल्या थेट नहाणीत ओतल्या. तिसऱ्या बादलीला काकूंचा फोन, "आता पडतंय हो, टपटप."

नहाणीभोवतीच्या चार टाइल्स काढल्या. ट्रॅपचा गळा आणि खालचा पाइप यांच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट होती. नवा ट्रॅप बसवला, सांधा भरला, पुन्हा चार बादल्या ओतून बघितल्या आणि मगच टाइल्स लावल्या. भिंतीला हातही लावला नाही.

त्यानंतरही अठरा दिवस काकूंकडे थेंब पडत होते. रोज सकाळी जिन्यात भेटल्या की बोटं दाखवायच्या: चार, मग तीन, मग दोन. मी तोवर रोज रात्री आणि सकाळी मीटरचा फोटो काढून त्यांना पाठवत होतो. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी उलट मलाच फोटो पाठवला, कोरड्या तांब्याचा. तो तांब्या त्या थेंबाखाली ठेवायच्या.